हप्ता चुकणार असे दिसताच काय करावे?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा यंत्रमाग असो, फर्निचरचा कारखाना असो की चामड्याच्या वस्तूंचे छोटे युनिट, बँकेचे कर्ज घेतलेल्या आपल्या बहुतेक कारागीर बंधूंची एक सवय सारखीच असते. हप्त्याची तारीख जवळ येते, खात्यात पैसे नाहीत हे माहीत असते, आणि तरीही ते बँकेकडे फिरकत नाहीत. व्यापाऱ्याकडून शेवटच्या दिवशी तरी पैसे येतील, ही आशा असते. पैसे येत नाहीत, हप्ता परत जातो. त्यानंतर बँकेचा फोन उचलायचा नाही, असा दुसरा टप्पा सुरू होतो. व्याजाच्या कर्जाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. येथे प्रश्न एवढाच आहे की घेतलेल्या कर्जाचा हप्ता या महिन्यात जमणार नाही असे दिसत असेल, तर काय करावे आणि ते कधी करावे.

याचे उत्तर तारखेत दडलेले आहे. हप्ता चुकण्यापूर्वी पंधरा दिवस बँकेत गेलेला माणूस आणि चुकल्यानंतर अडीच महिन्यांनी गेलेला माणूस, दोघेही तेच सांगतात. पण पहिल्यासाठी शाखाधिकाऱ्याच्या हातात बरेच काही असते, दुसऱ्यासाठी फारच थोडे उरते. असे का, ते आधी समजून घेऊ.

नव्वद दिवसांचे कॅलेंडर

बँका आणि फायनान्स कंपन्या थकलेल्या हप्त्याचे दिवस मोजतात. ही मोजणी माणूस नव्हे, संगणक करतो. हप्त्याच्या तारखेला दिवसअखेरचा हिशेब बंद होईपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाली नाही, तर त्याच तारखेपासून खाते थकीत धरले जाते. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात ही रीत उदाहरणासह स्पष्ट केली आहे.

समजा हप्ता ५ जूनचा होता आणि तो चुकला. त्या दिवसापासून खाते पहिल्या पायरीवर जाते. बँकेच्या भाषेत तिला एसएमए-० म्हणतात. हप्ता तसाच राहिला तर तीस दिवसांनी, म्हणजे ५ जुलैला, खाते एसएमए-१ होते. साठ दिवसांनी, ४ ऑगस्टला, ते एसएमए-२ होते. नव्वद दिवसांनी, ३ सप्टेंबरला, ते एनपीए म्हणजे बुडीताकडे झुकलेले कर्ज ठरते. या तारखा पुढे ढकलण्याची सोय शाखाधिकाऱ्याच्या हाती नसते. तो कितीही भला माणूस असला तरी.

यातली खरी मेख एनपीएच्या उंबरठ्यावर आहे. त्याआधी तुमचे दोन हप्ते थकले असतील आणि तुम्ही एक भरला, तर तो सर्वांत जुन्या हप्त्यात जमा होतो आणि दिवसांची मोजणी दुसऱ्या हप्त्यापासून धरली जाते. म्हणजे एक हप्ता भरूनही खाते पायरीने खाली उतरते. पण एकदा खाते एनपीए झाले की ही सवलत संपते. मग थकलेले मुद्दल आणि व्याज सगळे फेडल्याशिवाय खाते पुन्हा नियमित होत नाही. नव्वदाव्या दिवसापूर्वी ज्याला एका हप्त्याने श्वास घेता आला असता, त्याला त्यानंतर तीन-चार हप्ते एकदम आणावे लागतात.

कर्जदाराची ही माहिती सिबिलसारख्या पतसंस्थांच्या नोंदवहीतही जाते. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला एकदा पाठवण्याचे बंधन आहे. पूर्वीसारखा महिनाभराचा आडोसा आता राहिलेला नाही.

हप्ता परत जाणे म्हणजे काय

आजकाल बहुतेकांचा हप्ता चेकने नव्हे, तर कर्ज घेताना सही करून दिलेल्या मँडेटवर आपोआप कापला जातो. कर्ज एका बँकेचे आणि चालू खाते दुसऱ्या बँकेत असेल, तर हप्ता परत गेल्यावर दोन्हीकडे दंड बसतो. एक दंड खाते असलेली बँक लावते, दुसरा कर्ज देणारी. दोन्ही मिळून आकडा अनेकदा हजाराच्या आसपास जातो. आपला नेमका आकडा कर्जाच्या करारात आणि बँकेच्या दरपत्रकात पाहून ठेवावा.

थकलेल्या रकमेवर नेहमीचे व्याज चालू राहते आणि शिवाय दंड आकारला जातो. मात्र रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. हा नियम २०२४ पासून लागू आहे. खाते-उताऱ्यात "दंड व्याज" म्हणून वाढीव दर दिसला, तर लेखी विचारणा करावी.

दोन गोष्टी पुष्कळांना ठाऊक नसतात. पहिली, १ ऑगस्ट २०२१ पासून ही वसुली रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. त्यामुळे "पाच तारखेला सुट्टी आहे, सहाला भरू" हा हिशेब चालत नाही. पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात पडलेले हवेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चेक परत गेल्यास पराक्राम्य दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ लागते, हे सर्वांना माहीत आहे. पण पैसे नसल्यामुळे मँडेट परत गेले तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली तशीच फिर्याद होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून हप्ता परत जाऊ नये यासाठी मँडेट रद्द करणे किंवा खाते रिकामे करून बंद करणे, हे मित्रांनी दिलेले सल्ले ऐकू नयेत. त्यातून हेतू वाईट असल्याचा पुरावा मात्र आपणच तयार करून देतो.

फिर्यादीपूर्वी लेखी नोटीस येणे आवश्यक असते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर फिर्याद उभी राहत नाही. पोस्टमन आला की पाकीट नाकारायचे, हा उपाय मुळीच नाही. नाकारलेली नोटीस मिळाली असेच न्यायालये धरतात; पंधरा दिवस मात्र हकनाक वाया जातात.

एक हिशेब

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा मालेगावच्या एका यंत्रमागधारकाने मागांसाठी ५ लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा मासिक हप्ता १६,६०७ रुपये बसतो, तारीख ५. काही माग मजुरीवर चालतात, काहींवर तो स्वतःचे कापड काढतो. एका पेढीकडे कापडाचे १,४०,००० रुपये मे अखेरीस यायचे होते. २२ मे रोजी पेढीने कळवले की बाजार मंद आहे, २० जुलैच्या आत रक्कम मिळणार नाही.

त्याने त्याच दिवशी वहीत सहा आठवड्यांचा हिशेब मांडला. खात्यात ९,००० आहेत. मजुरीवरच्या मागांतून आठवड्याला २६,००० येतात. कामगारांची मजुरी १३,०००, घरखर्च ५,००० आणि तेल-दुरुस्ती १,५०० वजा जाता ६,५०० उरतात. म्हणजे ५ जूनपर्यंत दोन आठवड्यांचे १३,००० धरून २२,००० होतील. पण १ जूनला २१,००० चे वीजबिल आहे. वीज तुटली तर माग बंद आणि सगळेच संपले, म्हणून बिल आधी. हप्त्याच्या दिवशी हातात राहणार फक्त १,०००.

येथे अनेकजण वही मिटतात. त्याने पुढचे आठवडेही लिहिले. ५ जूननंतर दर आठवड्याला ६,५०० याप्रमाणे २६ जूनपर्यंत १९,५०० जमतील आणि हातात २०,५०० असतील. म्हणजे जूनचा हप्ता २६ जूनला निघतो. अडचण पुढे आहे: १ जुलैचे वीजबिल आणि ५ जुलैचा हप्ता. म्हणून तो पेढीवर गेला. सगळे नाही तर थोडे तरी द्या, असे म्हणून ४०,००० रुपये २५ जूनला आणि १,००,००० रुपये २० जुलैला, असे लिहून घेतले. आता २६ जूनला हातात ६०,५०० येतात. जूनचा हप्ता, जुलैचे वीजबिल आणि मधल्या आठवड्याची बचत धरून जुलैचा हप्ताही वेळेवर गेला, तरी १२,७८६ उरतात. हजार-बाराशेचा दंड त्यातून सुटतो.

या एका पानाने त्याला तीन गोष्टी कळल्या. अडचण एकाच हप्त्याची आहे. उशीर २१ दिवसांचा आहे, म्हणजे तीस दिवसांच्या आत. आणि जूनचा हप्ता पेढीच्या पैशावर अवलंबून नाही. आठवड्याच्या बचतीतूनच निघतो. बँकेत सांगण्यासारखे आता त्याच्याकडे काही आहे.

बँकेत काय बोलावे

बोलायचे ते शाखाधिकाऱ्याशी किंवा कर्ज विभागाच्या अधिकाऱ्याशी, समोर बसून. कॉल सेंटरवर बोललेले शाखेपर्यंत पोहोचेल याचा भरवसा नसतो. आणि जायचे ते निदान दहा-पंधरा दिवस आधी, कारण वसुलीची यादी तारखेच्या काही दिवस आधीच पुढे गेलेली असते. आदल्या दिवशी गेलात तर अधिकाऱ्याची इच्छा असूनही तुमचे नाव यादीतून निघत नाही.

बोलण्यात चारच मुद्दे हवेत: कोणता हप्ता, किती कमी पडतो, कशामुळे, आणि कोणत्या तारखेला कोठून भरणार. "धंदा मंदा आहे, सांभाळून घ्या" हे शाखाधिकारी दिवसातून दहा वेळा ऐकतो. "इन्शाअल्लाह लवकरच भरतो" असे जरूर म्हणा, पण त्याला तारीख जोडा. आपल्या यंत्रमागधारकाने २६ जून नव्हे, ३० जून सांगितली. चार दिवस हातचे राखले. सांगितलेल्या तारखेच्या आधी भरणारा माणूस पुढच्या वेळी शब्दावर चालतो, आणि दिलेली तारीख एकदा चुकली की पुढच्या कागदाला किंमत राहत नाही. तीस दिवसांची सीमा ५ जुलैला असल्यामुळे ३० जूनही तिच्या आतच आहे.

तोंडी बोलण्यासोबत पत्र द्यावे. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. पत्र असे पुरेसे आहे:

"माझ्या कर्ज खात्याचा ५ जूनचा रु. १६,६०७ चा हप्ता वेळेवर भरणे शक्य होणार नाही. कापड खरेदीदाराकडील रु. १,४०,००० चे येणे २० जुलैपर्यंत लांबले आहे. त्याचे पत्र व बिले सोबत जोडली आहेत. हा हप्ता मी ३० जूनपर्यंत शाखेत भरीन. जुलैचा हप्ता नियमित तारखेला जाईल. शक्य असल्यास ५ जूनची वसुली थांबवावी. ती शक्य नसल्यास मँडेट मधल्या काळात पुन्हा सादर करू नये, ही विनंती. सहा आठवड्यांचा जमा-खर्च, बँक उतारा व उद्यम नोंदणीची प्रत सोबत आहे."

वसुली पुन्हा सादर करू नका, हे वाक्य विसरू नये. दर वेळी मँडेट परत गेले की दंड पुन्हा बसू शकतो. आणि पैसे शाखेत भरले की ते त्याच हप्त्यात जमा झाल्याची पावती घ्यावी, नाहीतर तीच रक्कम खात्यातूनही कापली जाण्याची शक्यता राहते.

बँक नाही म्हणू शकते. वसुली थांबवणे हा तुमचा हक्क नाही. पण ५ जूनला हप्ता परत गेला तरी पत्र फुकट जात नाही. कर्जदाराने स्वतः येऊन कारण, कागद आणि तारीख दिली, ही नोंद फाइलवर राहते. अर्धी रक्कम आधी भरता आली तर भरावी. दंड लागणारी रक्कम कमी होते. मात्र हप्ता पूर्ण होईपर्यंत दिवसांची मोजणी थांबत नाही, हे ध्यानात असावे.

तुमच्या कर्जाला जामीनदार असेल तर त्यालाही त्याच आठवड्यात सांगावे. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच असते, आणि नातलगाला ही बातमी बँकेच्या फोनवरून कळणे यासारखी नामुष्की नाही. सहकारी पतसंस्थेच्या कर्जात तर याची फार गरज आहे, कारण तेथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारावरही निघतो.

सावकाराचे सोळा हजार

या टप्प्यावर पुष्कळजण महिना ५ टक्क्यांनी पैसे उचलतात. वरवर हिशेब बरोबर वाटतो: १६,००० वर महिन्याचे ८०० रुपये, बँकेच्या दोन्ही दंडांपेक्षाही कमी. पण बँकेचा दंड एकदाच बसतो. सावकाराला महिनाअखेर संपूर्ण १६,००० एकरकमी परत हवे असतात, आणि तेही त्याच पेढीच्या पैशातून ज्याचा भरवसा नाही. पेढीने आणखी एक महिना लावला तर जुलैचा हप्ता, सावकाराचे मुद्दल आणि त्याचे व्याज, अशी तीन तोंडे उघडी राहतात. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार सावकारीला परवाना लागतो. परवाना नसलेल्याच्या हाती कोरा चेक किंवा घराचा कागद देणे म्हणजे लहान दुखण्यावर मोठे दुखणे ओढवून घेणे होय. एखाद्या भावाने किंवा मित्राने बिनव्याजी दिले तर गोष्ट वेगळी. पण त्यालाही लेखी तारीख द्यावी.

अडचण एका हप्त्याची नसेल तर

सहा आठवड्यांचा हिशेब मांडल्यावर सर्व येणे वेळेवर आले असे धरूनही हप्ता निघत नसेल, तर ३० जूनचे वचन देऊ नये. ते पाळता येणार नाही. हा वेगळा आजार आहे आणि त्याची वाटही वेगळी आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी केंद्र सरकारने २९ मे २०१५ रोजी अडचणीतील उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची एक चौकट अधिसूचित केली आणि मार्च २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती बँकांना लागू केली. तिच्यानुसार उद्योजक स्वतः अर्ज करून सांगू शकतो की आपल्याला कर्ज फेडणे अवघड जाणार आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जाचा विचार शाखेच्या पातळीवर होतो. त्यापुढचे प्रकरण बँकेच्या समितीकडे जाते. हप्त्यांची मुदत वाढवणे, थोडे खेळते भांडवल देणे, किंवा उद्योग तगणारच नसेल तर वसुली, यांपैकी एक मार्ग ठरवला जातो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. पण त्याच निकालात उद्योजकालाही बजावले की त्याने सावध राहिले पाहिजे. आपला उद्योग या वर्गात मोडतो याचे कागद खाते एनपीए होण्यापूर्वी बँकेसमोर ठेवले पाहिजेत. मालमत्तेवर जप्ती येईपर्यंत गप्प बसून मग या चौकटीचा आधार मागता येत नाही. म्हणून उद्यम नोंदणी आजच करून तिची प्रत बँकेत देऊन पोच घ्यावी. निव्वळ व्यापार करणाऱ्यांची नोंदणी होते, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. त्यांनी लेखी विनंतीचा मार्ग धरावा.

या मार्गाची किंमतही माहीत असावी. आर्थिक अडचणीमुळे कर्जाच्या अटी बदलल्या तर त्याला पुनर्रचना म्हणतात. ती पतनोंदीत दिसते आणि सर्वसाधारण नियमाने तिच्यामुळे खात्याचा दर्जा खाली येतो. म्हणून एका हप्त्याच्या अडचणीसाठी पुनर्रचना मागू नये. जेथे तीस दिवसांत भरून सुटता येते तेथे भरून सुटावे. जेथे सुटता येत नाही हे आकडेच सांगतात, तेथे मात्र नव्वद दिवस वाया न घालवता अर्ज करावा.

वसुलीसाठी येणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही. धमकी आणि नातलगांत बदनामी यांना मनाई आहे. तसे घडल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. अशा तक्रारीतही शिक्का मारलेले ते पहिले पत्र हाच सर्वांत मोठा आधार ठरतो.

तेव्हा दर महिन्याच्या २० तारखेला वही उघडून पुढच्या सहा आठवड्यांचे येणे-देणे मांडण्याचा नेम ठेवावा. हप्त्याच्या ओळीसमोर रक्कम कमी पडताना दिसली, तर त्याच आठवड्यात पेढीवर जावे आणि तिचे उत्तर घेऊन बँकेत जावे.